लघवीच्या दोन गोळ्या आणि आठव्या दिवशीची रक्ततपासणी

(इंदूरमधील मराठी ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिशियनने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रामबागेतल्या एक काकू टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या पुरेशा मात्रेत आणि नियमित घेत होत्या, तरीही घरी मोजलेला त्यांचा रक्तदाब १५८/९४ च्या खाली येत नव्हता. त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, शेजारच्या आजोबांना फ्युरोसेमाइडने इतकी लघवी होते, मग तीच मला का देत नाही?"

आजोबांचे हृदय कमकुवत आहे आणि त्यांच्या पायांवर सूज असते. साठलेले पाणी काढायला ती गोळी उत्तम आहे. पण तिचा परिणाम साधारण सहा तासांत ओसरतो आणि मग मूत्रपिंड उरलेला दिवस मीठ पुन्हा धरून ठेवते. त्यामुळे सूज नसलेल्या आणि मूत्रपिंड चांगले असलेल्या माणसाचा नुसता रक्तदाब उतरवायला ती कमी पडते. काकूंसारख्यांच्या शरीरात मीठ धरून ठेवण्यात बरेचदा अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा हात असतो आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची दुसरी गोळी नेमके त्यालाच अडवते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाथवे-२ या अभ्यासात अशा हट्टी रक्तदाबावर चौथी गोळी म्हणून तीच सर्वांत प्रभावी ठरली. तिचा पूर्ण गुण दिसायला मात्र काही आठवडे लागतात.

काकूंना मी २५ मिलिग्रॅमने सुरुवात करून दिली. त्यांचे पोटॅशियम तेव्हा ४.४ होते, आठव्या दिवशी ते ५.८ आले आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन १.० वरून १.३ वर गेले. काकूंना काहीही जाणवत नव्हते, आणि मला भीती वाटते ती याचीच, कारण वाढलेले पोटॅशियम कसलीही चाहूल न देता हृदयाचे ठोके बिघडवू शकते. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतले आणि ईसीजी काढला. ईसीजी ठीक होता. पोटॅशियम मात्र खरोखरच वाढलेले होते.

चौकशी करता कळले की रक्तदाबासाठी चांगले म्हणून मुलाने 'लो सोडियम' मीठ आणले होते आणि काकू ते पोह्यांवरही वरून भुरभुरत होत्या. अशा मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन आधीच पोटॅशियम थोडे अडवून धरते. त्यात स्पायरोनोलॅक्टोन आणि हे मीठ, अशी तिहेरी भर पडली. ते मीठ आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बंद केल्यावर चार दिवसांनी पोटॅशियम ४.७ झाले. मग अर्धी गोळी सुरू करून आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने तपासणी केली. सहा आठवड्यांनी रक्तदाब १३६/८२ होता.

आजोबांनाही रक्ततपासणी चुकत नाही. त्यांचे पोटॅशियम उलट घटते, कधी सोडियमही घटते, आणि पाणी फार निघून गेले तर क्रिएटिनिन चढते. दोघांनाही मी सांगून ठेवले आहे की उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर पुढची गोळी घेण्याआधी मला फोन करा.