बारा मात्रा, पण ठोके चार

नमस्कार श्रोतेहो. संथ चालीच्या गाण्यामागे पियानो लाटेसारखा खाली-वर होत असतो, ते वादन तुम्ही ऐकलं असेल. पाश्चात्त्य लिपीत त्याच्या सुरुवातीला वर बारा, खाली आठ असे आकडे असतात. आपल्याकडे बारा म्हटलं की एकताल आठवतो आणि गाडी तिथंच रुळावरून घसरते. एकतालाचे विभाग दोन-दोन मात्रांचे. इथं बारा स्वर तीन-तीनच्या चार गटांत असतात, म्हणजे पाय चारदाच आपटायचा. एकामागून एक दोन दादरे वाजवले तर ते याच्या जास्त जवळ जातं.

मागे लष्कर भागातल्या एका माडीवर आमची नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. कीबोर्डवर कॉलेजातली एक मुलगी, शेजारी तबल्यावर आमचे एक जुने जाणकार. पट्टी पांढरी एक. मुलगी डाव्या हातानं सा, प, वरचा सा, वरचा ग असे चार स्वर सफाईनं फिरवत होती. बोट कुठं अडत नव्हतं, तरी गाणारा दुसऱ्या ओळीला हमखास चुकायचा. तबलजींनी हात थांबवला आणि विचारलं, "सर, ह्यात ठोके चार हायत का तीन?"

प्रश्न बरोबर होता. चार स्वरांचा गट तीनदा घेतला तरी बाराच होतात. त्यामुळे समेवर ती बिनचूक पोचायची आणि तिला वाटायचं, सगळं जुळतंय. लय मिनिटाला साठ ठोक्यांची, म्हणजे एक ठोका एका सेकंदाचा आणि आवर्तन चार सेकंदांचं. तबल्याचा जोर दर सेकंदाला पडत होता. तिचा खालचा सा मात्र साधारण सव्वा सेकंदाहून थोडा उशिरा यायचा, कारण एका सेकंदात तीन स्वर आणि तिचा गट चारचा. कान खालच्या स्वरालाच ठोका समजतो. मग ऐकणाऱ्याला दोन ताल एकदम ऐकू येतात आणि ते भेटतात फक्त समेवर. मधे गाणाऱ्यानं शब्द टाकायचा कुठं?

उपाय सहा स्वरांचा. सा, प, वरचा सा हे तीन चढताना. वरचा ग, सा, प हे तीन उतरताना. असं दोनदा वाजवलं की एक आवर्तन. आता लाटेचा माथा, म्हणजे तो वरचा ग, नेमका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर येतो, आणि ड्रमवाला स्नेअरही तिथंच मारतो. हे सगळे सा-ग-प या एकाच कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे, सुटे स्वर. पुढचा कॉर्ड मंद्र धैवतावरचा मायनर, मग मंद्र मध्यमावरचा आणि मंद्र पंचमावरचा मेजर. हाताची चाल तीच राहते. 1950च्या दशकातल्या अमेरिकन बॅलडमध्ये हे चार कॉर्ड याच क्रमानं पुष्कळ सापडतात. न्यू ऑर्लिन्सचे फॅट्स डॉमिनो तर उजव्या हातानं कॉर्डच ठोक्याला तीनदा वाजवायचे. तिथं लाट नसते, पण तीनचा हिशोब हाच.

बोटांचं एक सांगतो. खालच्या सा-वर करंगळी, प-वर तर्जनी, वरच्या सा-वर अंगठा. ग साठी पंजा ताणू नका. अंगठ्यावरून तर्जनी पलीकडे टाका आणि कोपर थोडं बरोबर जाऊ द्या. ताणून वाजवलं की ग उशिरा येतो आणि दुसरा ठोकाच लंगडतो.

दुसरी खोड जास्त छुपी. तीन स्वर सारख्या अंतरावर न पडता पहिला रेंगाळतो आणि पुढचे दोन घाईनं उरकले जातात. मग लाटेऐवजी घोड्याची टाप ऐकू येते. (सोलापुरात माग ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना दोनच्या खटाखटीची सवय, हे आपलं माझं निमित्त.) वाजवणाऱ्याला हे कळत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त मधल्या स्वरावर टाळी द्या. टाळी ओढून-ताणून द्यावी लागली, तर तो स्वर जागेवर नाही. मग मेट्रोनोम 180 वर ठेवून प्रत्येक स्वर टिकटिकीवर बसवा, आणि बसला की 60 वर आणा. आता मधले दोन स्वर तुमचे तुम्ही सांभाळायचे.

पेडल कॉर्ड बदलतानाच बदला, पण नवा खालचा स्वर वाजल्यावर लगेच उचलून पुन्हा दाबा. आधी उचललं तर मधे खड्डा पडतो, आणि उचललंच नाही तर आधीच्या कॉर्डचे खालचे स्वर नव्यात मिसळून गढूळ होतं.

आता मी डाव्या हातानं एकच कॉर्ड वाजवतो. आधी दोन आवर्तनं त्या मुलीच्या चारच्या गटांत, मग थांबून दोन सहाच्या. तुम्ही मांडीवर सेकंदाला एक ठोका धरा आणि खालचा सा कुठं पडतो तेवढंच ऐका.