दोन हात, एक निवेदक

एका कादंबरीचं भाषांतर दोघांनी करायचं ठरलं की पहिला प्रश्न वाटणीचा येतो. काफ्काचे इंग्रजी अनुवादक विला आणि एडविन म्यूर हे जोडपं पुस्तकाचे सरळ दोन भाग करायचं, एकेक भाग घ्यायचं आणि मग एकमेकांचं काम बारकाईनं तपासायचं. वाटणी कशीही करा, मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी. दोघांनीही तीच चार पानं स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता मराठीत आणावीत आणि मग शेजारी ठेवून वाचावीत. पानं अशी निवडा की त्यांत निवेदनही असेल आणि संवादही.

या पानांत काय सापडतं ते एका वाक्यावर पाहू. समजा, इंग्रजी कादंबरीतला एक म्हातारा रोज संध्याकाळी नदीवर जातो. एकाचं मराठी असं येतं: ‘तो रोज संध्याकाळी नदीवर जाई आणि अंधार पडेपर्यंत काठावर बसून राही.’ दुसऱ्याचं असं: ‘रोज संध्याकाळी तो नदीवर जायचा. अंधार पडेपर्यंत काठावरच बसायचा.’ चूक कोणाचीच नाही. पण पहिला निवेदक लांबून, जुन्या काळाकडे पाहत बोलतो, तर दुसरा ओट्यावर बसून सांगतो. शिवाय दुसऱ्यानं मुळातलं एक वाक्य तोडून दोन केली आणि एक ‘च’ पदरचा घातला. दहाव्या प्रकरणापर्यंत ‘जाई’ आणि अकराव्यापासून ‘जायचा’ असं झालं, तर वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण सांगणारा माणूस बदलल्याचं त्याला जाणवेल.

निर्णय आवडीवर सोडू नये. निवेदक कोण आहे, किती वयाचा, घटनेपासून किती दूर, हे मुळात पाहून ठरवावं. ठरलेलं एका वहीत उदाहरणासह लिहावं: सवयीचा भूतकाळ कोणता, ‘त्याने केले’ की ‘त्यानं केलं’, मुळातलं लांब वाक्य केव्हा तोडायचं. संवादासाठी पात्रांच्या जोड्या कराव्यात. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’, आणि हे कोणत्या प्रसंगापासून बदलतं? इंग्रजीत हा फरक दिसत नाही, त्यामुळे इथे दोघांचे अंदाज हमखास वेगळे पडतात.

त्याच वहीत दुसरी यादी हवी, पुनरावृत्तींची. लेखक दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य एकोणिसाव्यात जसंच्या तसं परत आणतो. दुसरं प्रकरण तुमच्याकडे, एकोणिसावं जोडीदाराकडे. दोघंही उत्तम भाषांतर करता आणि प्रतिध्वनी मात्र नाहीसा होतो. नंतरच्या तपासणीत हे सापडणं कठीण, कारण दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणून वाटणीपूर्वीच्या वाचनात अशा जागांवर पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि ते वाक्य एकदाच, दोघांनी मिळून, मराठीत आणायचं.

आता शेवटचं संपादन. ते एकाच हातानं व्हावं, पहिल्या पानापासून क्रमानं, आणि पहिल्या वाचनात मूळ पुस्तक मिटलेलं असावं. मूळ समोर असलं की आपण अर्थ तपासत बसतो, आवाज ऐकू येत नाही. मोठ्यानं वाचा. श्वास वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागला तिथे खूण करा. अर्थाची तपासणी दुसऱ्या वाचनात.

इथे घाई नडते ती संगणकावरच्या सरसकट बदलाची. ‘लावले’च्या जागी सगळीकडे ‘लावलं’ केलं की ‘दार लावलं’ बरोबर होतं, पण ‘दिवे लावले’चं ‘दिवे लावलं’ होतं. ‘सगळे घर’ सुधारतं, ‘सगळे पाहुणे’ बिघडतात. आदरार्थी ‘आजोबा उठले’ तर अजिबात हलवायचं नाही. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन लिहिताना सारखंच दिसतं, त्यामुळे प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहूनच बदलावी लागते. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

उलट बाजूची चूकही होते. निवेदन सारखं करण्याच्या भरात संपादक संवादही इस्त्री करतो आणि मोलकरीण व वकील एकाच मराठीत बोलू लागतात. एकसारखा हवा तो निवेदक. पात्रांच्या बोलण्यात हवं ते सातत्य, म्हणजे वकील तिसऱ्या प्रकरणात जसा बोलला तसाच तिसाव्यातही बोलावा. त्यासाठी एकेका पात्राचे सगळे संवाद सलग काढून वाचावेत. जोडीदार बदलतो तिथे पात्राची भाषा बदलली असेल, तर ती या वाचनात लगेच उघडी पडते.

आणि हस्तलिखितासोबत ती वहीही प्रकाशकाकडे जाऊ द्या. नाहीतर मुद्रितशोधक आपल्या सवयीनं ‘केलं’चं पुन्हा ‘केले’ करतो, तेही अर्ध्याच पुस्तकात.