कागद रद्द होतो तेव्हा

कागदी शेअर डिमॅट केले, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉनिक नोंदीत रूपांतर केले, की ते बँकेच्या लॉकरसारखे कुठेतरी जपून ठेवले, असा समज माझ्या पाहण्यात वारंवार येतो. प्रत्यक्षात प्रमाणपत्र जपून ठेवले जात नाही, ते रद्द केले जाते, आणि हा फरक समजला की पुढचे बरेचसे उलगडते.

एका कुटुंबाकडे वडिलांच्या आणि आईच्या नावावर, त्याच क्रमाने, पन्नास-पन्नास शेअरांची दोन प्रमाणपत्रे आहेत असे समजा. डिमॅट खाते दोघांच्याच नावाने आणि त्याच क्रमाने उघडलेले हवे. क्रम उलटा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. विनंती अर्ज भरून, प्रमाणपत्रांवर ती डिमॅटसाठी सुपूर्द केल्याची नोंद करून, ती डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे बहुधा आपल्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे द्यायची असतात. तो ती विनंती संगणकावरून डिपॉझिटरीला, म्हणजे शेअरांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळवतो आणि कागद कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, पाठवतो.

खरी तपासणी रजिस्ट्रारकडे होते. प्रमाणपत्राचा क्रमांक, प्रत्येक शेअरचा वेगळा अनुक्रमांक आणि धारकाची सही त्याच्या नोंदींशी जुळली, तर तो प्रमाणपत्र रद्द करतो आणि सभासद नोंदवहीत धारकाच्या जागी डिपॉझिटरीचे नाव लिहितो. डिपॉझिटरी कायदा, १९९६ नुसार डिपॉझिटरी ही नोंदणीकृत मालक आणि आपण लाभार्थी मालक ठरतो. लाभांश आणि मतदानाचा हक्क मात्र आपलाच राहतो. खात्यात शंभर शेअर जमा होतात, पण त्यांना अनुक्रमांक उरत नाहीत. त्या कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो आणि ओळख उरते ती फक्त त्या प्रकारच्या रोख्याला दिलेल्या बारा अक्षर-अंकांच्या आयएसआयएन क्रमांकाची.

अर्ज परत येतो तो बहुतेकदा सहीमुळे. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी केलेली ठसठशीत सही आज थरथरत्या हाताने उमटत नाही, आणि रजिस्ट्रारला यात लबाडी आहे की वय, हे कागदावरून कळणे शक्य नसते. अशा वेळी बँकेकडून सही प्रमाणित करून देण्याचा ठरलेला नमुना असतो. वडील हयात नसतील तर ही वाट बंद होते. पूर्वी संयुक्त धारकाचे नाव वगळण्यासाठी कागदी प्रमाणपत्रावरच बदल होत असे. २०२२ पासून मात्र बाजार नियामक सेबीच्या आदेशानुसार अशी सेवा केवळ डिमॅट स्वरूपातच मिळते. २०२२ मध्ये आलेल्या पद्धतीत रजिस्ट्रार आईच्या नावाने एक पुष्टिपत्र देत असे आणि ते एकशे वीस दिवसांत आपल्या पार्टिसिपंटकडे सादर करावे लागे.

एप्रिल २०१९ पासून सूचीबद्ध कंपन्यांचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यामुळे कपाटातल्या प्रमाणपत्राची मालकी टिकते, पण ते विकण्याआधी डिमॅट करावेच लागते. खाते उघडल्यावर ब्रोकरच्या ॲपवर दिसणाऱ्या आकड्यावरच विसंबू नये. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटऱ्यांकडून थेट येणाऱ्या एकत्रित विवरणपत्राशी तो ताडून पाहावा, कारण मालकीची नोंद तिथे असते, ॲपवर नव्हे.