‘दोन दिवसांत होईल’ असं क्लेम नोटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी

नमस्कार. आज शूटिंगच्या आधी कॉमेंट वाचत बसले आणि ठरलेला विषय बाजूला ठेवला. गेल्या व्हिडिओखाली तीन जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय: “ताई, क्लेमचा फोन घेतला, चौदा मिनिटं बोललो, आता नोटमध्ये काय लिहू?” दोघं नुकतेच क्लेम डेस्कवर बसलेत. एक जण गॅरेजच्या इन्शुरन्स काउंटरवर आहे, पण त्याचं दुखणंही तेच.

पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, फोन कोणी केला, किती वाजता केला, हे मी शिकवणार नाही. ते स्क्रीनवर रकाने असतातच. फक्त एक सांगते. फोन करणारा आणि विमाधारक वेगवेगळे असतील तर नातं लिहा. मुलगा वडिलांच्या गाडीसाठी फोन करतो, नोटमध्ये आपण “ग्राहक म्हणाले” लिहितो, आणि पुढे वडील म्हणतात, मी तर काही बोललोच नाही!

एक कॉल घेऊ. नमुन्याचा आहे, तपशील मी जुळवलेत, पण दिवस खरा आहे. २५ जुलै २०२४. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पहाटे पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरलं, आठवतंय ना? पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्याच एका गाडीचा फोन दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ११.२० ला आला, असं समजा.

मुलगा बोलतोय: “मॅडम, गाडी पार्किंगला होती, पाणी सीटच्या गादीपर्यंत होतं. काल संध्याकाळी पाणी ओसरल्यावर एकदा सेल्फ मारून बघितला, टक् असा आवाज आला, चालू नाही झाली.”

आता नवीन मुलं काय लिहितात? “गाडी पाण्यात चालू केली, इंजिन सीझ.”

थांबा. इंजिन सीझ झालंय, हे कोणी सांगितलं? मेकॅनिकने अजून गाडीला हातही लावलेला नाही. आणि “पाण्यात चालू केली” असं तो म्हणालाच नाही, पाणी ओसरल्यावर सेल्फ मारला म्हणाला. तुम्हाला वाटेल, शब्दांचाच तर फरक आहे. पण पैसे त्या शब्दांवरच अडकतात. सिलिंडरमध्ये हवा असते तेव्हा पिस्टन ती दाबतो. पाणी शिरलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. पूर येऊन गाडी भिजली हे एक नुकसान, आणि भिजलेली गाडी चालू करायला गेल्यामुळे इंजिन गेलं हे त्यामागून ओढवलेलं नुकसान. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नसेल तर साध्या पॉलिसीत कंपन्या हे दुसरं नुकसान सहसा देत नाहीत. मग ती चार शब्दांची नोट नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरच्या हातात पडते, आणि गाडी उघडायच्या आधीच त्याच्या डोक्यात निकाल लागलेला असतो.

म्हणून जिथे पैशाची गाठ आहे, तिथे ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात. “एकदा सेल्फ मारला, टक् आवाज आला.” किती वेळा, कधी, पाणी तेव्हा होतं का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यायचे. क्लेम बसतो की नाही, हे नोटमध्ये लिहायचंच नाही, ते आपलं काम नाही. एका दादांनी मागे लिहिलं होतं, “तुम्ही कंपनीच्या बाजूने बोलता.” आता सांगा दादा, ही नोट कोणाच्या बाजूची? त्या मुलाने सेल्फ मारलाय हेही त्यात आहे, आणि एकदाच मारलाय हेही आहे.

अजून एक. तुम्ही त्याला काय सांगितलंत तेही लिहा. “पुन्हा सेल्फ मारू नका, गाडी टो करूनच गॅरेजला न्या, असं ११.२६ ला सांगितलं.” यानंतर त्याने परत चावी फिरवली तर ती गोष्ट वेगळी, आणि नाही फिरवली तर त्याचंही भलंच.

कागदपत्रांचं पटकन सांगते. “सर्व कागदपत्रे मागितली” हे वाक्य वाचलं की मला चहा कडू लागतो. कुठली? कोणाकडून? या कॉलमध्ये मुलगा म्हणाला, आरसी गाडीतच होती, लगदा झालाय. मग लिहा: “मूळ आरसी भिजली, डिजीलॉकरची प्रत ईमेलने पाठवतो म्हणाले.” नाहीतर चार दिवसांनी दुसरा माणूस फोन करून मूळ आरसी मागणार. आणि जे मागितलं नाही तेही लिहायचं, हे फार कमी लोक करतात. गाडी उभी होती, आत कोणी नव्हतं, कोणाला इजा नाही, म्हणून आपण सांगितलं की एफआयआर लागणार नाही. ते नोटमध्ये नसेल तर पुढचा माणूस सवयीने एफआयआर मागतो, आणि बिचारे वडील पुराच्या चिखलातून पोलीस चौकीला चकरा मारतात. क्लेमला खरोखर लागतात तेवढेच कागद मागायचे, हे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्येही आहे.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. “दोन दिवसांत होईल.”

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी डेस्कवर नवीन होते. कुठल्या कंपनीत ते सोडा. एका काकांच्या गाडीचा कॉल होता. मी नोटमध्ये लिहिलं, “दोन दिवसांत सर्वेअर.” फोनवरही तेच बोलले, अगदी गोड आवाजात. काकांनी दोन दिवस रजा काढली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. सर्वेअरची नेमणूक खरंच दोन दिवसांत झाली होती! तो गाडी बघायला गेला पाचव्या दिवशी. काका फोनवर ओरडत होते, आणि मी नोट उघडून म्हणत होते, “पण सर, नेमणूक तर झाली आहे.” आज आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं. मी खोटं बोलले नव्हते. पण त्या वाक्यात काय होणार, हेच नव्हतं.

आता आपल्या शुक्रवारच्या कॉलला “दोन दिवस” लावून बघा. ग्राहकाच्या घरी रविवार संध्याकाळपर्यंतची वाट बघितली जाते. २७ जुलै चौथा शनिवार. तुमच्या ऑफिसला त्या दिवशी सुट्टी असेल, तर तुमचा सहकारी कामाचे दोन दिवस मोजून मंगळवार धरणार. वाक्य एकच आणि तारखा दोन. मंगळवारी सकाळी ग्राहक चिडून फोन करतो तेव्हा सहकाऱ्याला कळतच नाही की हा माणूस एवढा का तापलाय, मुदत तर अजून संपलेलीच नाही!

आणि समजा प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर ग्राहक विमा लोकपालाकडे जाऊ शकतो. पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे. तिथे कोणी विचारलं की ग्राहकाला काय कबूल केलं होतं, तर “लवकरात लवकर कळवू” हे काढून दाखवणार का? त्यातून कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, तुम्हालाही नाही.

तर शब्द देताना चार गोष्टी पाहिजेत: कोण करणार, काय करणार, कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत, आणि झालं हे ग्राहकाला कसं कळणार. आयआरडीएआयच्या त्याच सर्क्युलरप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा असतो. लक्षात घ्या, नेमायचा. गाडी बघायला येईल असं त्यात नाही. नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. तीन घड्याळं आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात. म्हणून ग्राहकाला “बावीस दिवसांत पैसे मिळतील” अशी बेरीज करून सांगू नका. निर्णय म्हणजे खात्यात जमा झालेले पैसे नव्हेत, आणि पुढची दोन घड्याळं अजून सुरूच झालेली नाहीत.

(स्क्रीनवर नोट)

“२६ जुलै २०२४, शुक्रवार, ११.२० ते ११.३४. कॉलर विमाधारकाचा मुलगा. वडील शेजारी, बोलायला त्यांची फोनवर संमती. २५ जुलै पहाटे सिंहगड रोड, सोसायटी पार्किंग. गाडी उभी, आत कोणी नाही. पाणी ‘सीटच्या गादीपर्यंत’. पाणी ओसरल्यावर २५ ला संध्याकाळी ‘एकदा सेल्फ मारला, टक् आवाज आला, चालू नाही झाली’. नंतर प्रयत्न नाही, असं कॉलरचं सांगणं. पुन्हा चालू करू नका, टो करा, असं ११.२६ ला सांगितलं.

मागितलं: सही केलेला क्लेम फॉर्म, आरसीची डिजीलॉकर प्रत (मूळ भिजली). दोन्ही मुलगा ईमेलने पाठवणार, सोमवार २९ जुलै संध्याकाळी ६ पर्यंत. एस्टिमेट गॅरेजकडून, गाडी पोचल्यावर. तारीख ठरलेली नाही. एफआयआर लागणार नाही असं सांगितलं.

कबूल केलं: क्लेम डेस्क सर्वेअर नेमणार, शनिवार २७ जुलै सकाळी ११.२० पर्यंत, नाव आणि नंबर मुलाच्या मोबाईलवर एसएमएसने. सर्वेअर गॅरेजला कधी येणार याची तारीख दिलेली नाही, आणि दिलेली नाही हे ग्राहकाला सांगितलंय.”

ते शेवटचं वाक्य बघा. माझे काका गॅरेजमध्ये दोन दिवस बसले ना, ते या एका वाक्याअभावी. तारीख नसेल तर ‘तारीख नाही’ हीच नोंद करा. ग्राहक थोडा कुरकुरतो, पण रजा काढत नाही.

एका ताईंनी विचारलंय, “कॉल रेकॉर्ड होतोच, मग एवढं कशाला लिहायचं?” ताई, चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकायला पुढच्या माणसाला वेळ कुठे असतो? त्याच्या कानाला दुसरा ग्राहक लागलेला असतो. तो नोटच्या पहिल्या चार ओळी वाचतो आणि बोलायला लागतो. रेकॉर्डिंग उघडतात भांडण झाल्यावर.

आणि संध्याकाळी तोच मुलगा परत फोन करून म्हणाला, “मॅडम, सेल्फ मी नाही, बाबांनी मारला होता, आणि दोनदा,” तर? सकाळची नोट खोडायची नाही, दुरुस्तही करायची नाही. खाली नवीन वेळ टाकून नवीन नोट. “सकाळी एकदा सांगितलं होतं, आता दोनदा सांगतात.” बास. तो आधी खोटं बोलला, घाबरला, विसरला, हे तुमच्या मनात राहू द्या.

तुमची एखादी नोट दाखवायची असेल तर कॉमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी वाचू. पण पॉलिसी नंबर आणि मोबाईल पुसून टाका हं. मागच्या वेळी एकाने ग्राहकाच्या आरसीचा अख्खा फोटो टाकला होता, मला रात्री अकराला उठून डिलीट करावा लागला.