एक बेड, दोन पेशंट आणि कॉम्प्युटरनं लावलेला नंबर

(पडद्यावर: इमर्जन्सी वॉर्डचा कॉरिडॉर, भिंतीला लागून स्ट्रेचर. मॉनिटरचे आवाज.)

रात्रीचे दोन वाजलेत. वर आयसीयूत एकच बेड रिकामा आहे आणि खाली दोन पेशंट थांबलेत, दोघांनाही न्यूमोनिया, दोघांनाही तो बेड हवाय. एक ७० वर्षांचे गृहस्थ, दुसरी ४० वर्षांची बाई. ड्युटीवरच्या डॉक्टरसमोर स्क्रीन आहे आणि स्क्रीनवर दोघांचे स्कोअर आलेत. सिस्टीमनं नंबर लावून टाकलाय.

आता तो नंबर लागला कसा ते बघू. समजायला सोपे पडावेत म्हणून आकडे आपणच धरू. गृहस्थांना बेड मिळाला तर वाचायची शक्यता ५० टक्के, नाही मिळाला तर २०. बाईंना बेड मिळाला तर ९० टक्के आणि नाही मिळाला तरी ७०, कारण वय कमी आहे, वॉर्डात ऑक्सिजनवरसुद्धा बऱ्यापैकी तग धरतील.

सिस्टीमला जर सांगितलं असेल की ज्याला मरणाचा धोका जास्त त्याला वर घे, तर गृहस्थ पहिले. सांगितलं असेल की बेड दिल्यावर जो वाचण्याची शक्यता जास्त त्याला घे, तर बाई पहिल्या. आणि सांगितलं असेल की बेडमुळे फरक कुणाला जास्त पडतो ते बघ, तर परत गृहस्थ, कारण त्यांना ३० टक्क्यांचा फायदा आहे आणि बाईंना २० चा. मग कुणीतरी म्हणतं की नुसते जीव काय मोजताय, वाचलेली वर्षं मोजा. गृहस्थांची पुढची दहा वर्षं धरली तर फायदा तीन वर्षांचा होतो, बाईंची चाळीस धरली तर आठ वर्षांचा. झालं, बाई पुन्हा वर.

पेशंट तेच, आकडे तेच, चार वेळा नंबर लावला आणि निम्म्या वेळा उलटा लागला.

परिणामवादी नीती म्हणते की ज्यातून एकूण चांगलं जास्त होईल ते करा. बरोबर आहे, पण 'चांगलं' म्हणजे काय हे सिस्टीम बनवताना कुणीतरी एका कॉलमचं नाव टाकून ठरवलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता डॉक्टरच्या हातात फक्त शेवटचा आकडा येतो. कितीतरी चर्चा अशा चालतात की एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला माणुसकी, मला ती मांडणीच चुकीची वाटते. आकड्यांच्या बाजूलाच आधी चार पक्ष आहेत.

त्यातल्या त्यात मला तिसरा, म्हणजे बेडमुळे पडणारा फरक मोजणारा, सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बेड गृहस्थांना दिला तर दोघांत मिळून सरासरी १.२ जीव वाचतात, बाईंना दिला तर १.१. पण अडचण अशी की हा फरक डेटात कुठंच लिहिलेला नसतो. जुन्या रेकॉर्डमध्ये एका पेशंटचं एकच काय ते घडलेलं दिसतं, बेड मिळाला आणि वाचला किंवा नाही मिळाला आणि गेला. त्याच माणसाला बेड नसता मिळाला तर काय झालं असतं ते कोणत्याच फाइलमध्ये नाही.

(पडद्यावर: जुन्या केसपेपरचे गठ्ठे, हळूहळू पुढे सरकणारा कॅमेरा.)

याचा फटका काय बसतो ते अमेरिकेत १९९० च्या दशकात दिसलं. न्यूमोनियाच्या पेशंटपैकी कुणाला ॲडमिट करायचं आणि कुणाला औषध देऊन घरी पाठवायचं यासाठी काही मॉडेल तयार केली होती, मृत्यूचा धोका सांगणारी. त्यातल्या नियम शिकणाऱ्या एका मॉडेलनं एक अजब नियम काढला, दमा असेल तर धोका कमी. कुठलाही डॉक्टर हसेल, न्यूमोनिया आणि वर दमा म्हणजे धोका वाढलेलाच. पण डेटा खोटं बोलत नव्हता. दमा असलेला पेशंट आला की त्याला थेट आयसीयूत घेत होते, जोरात उपचार होत होते, म्हणून ती माणसं वाचत होती आणि मॉडेलला दिसत होतं की दमेकरी फारसे मरत नाहीत. त्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात अचूक ठरलं होतं ते न्यूरल नेटवर्क, पण त्याच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, तेही असलंच काहीतरी शिकलेलं असणार या भीतीनं ते बाजूला ठेवलं आणि कमी अचूक पण उघडून बघता येईल असं साधं मॉडेल घेतलं.

हे उलट्या बाजूनंही होतं, आणि ते जास्त वाईट. समजा एखाद्या प्रकारच्या पेशंटला वर्षानुवर्षं आयसीयूत घेतच नव्हते. ते वॉर्डातच गेले. मॉडेल शिकतं की हे लोक वाचत नाहीत, म्हणून यांना बेड देऊन उपयोग नाही, म्हणून पुढेही देत नाही, आणि पुढच्या वर्षीचा डेटा पुन्हा तेच सांगतो.

इथं हक्कांची भाषा सुरू होते. हक्कवादी नीती विचारते की या माणसाबद्दल काय मोजायची आपल्याला परवानगीच नाहीये.

मार्च २०२० मध्ये इंग्लंडमध्ये हा प्रश्न अगदी नेमका समोर आला. कोविडची लाट येत होती आणि तिथल्या डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २० मार्चला मार्गदर्शक सूचना काढल्या की ॲडमिट होणाऱ्या प्रौढ पेशंटची क्लिनिकल फ्रेल्टी स्केल बघा. ही एक ते नऊ अंकांची पट्टी आहे, माणूस किती धडधाकट आणि किती परावलंबी हे सांगणारी, अंक मोठा म्हणजे परावलंबन जास्त. म्हाताऱ्या लोकांसाठी ती उपयोगाची आहे, कारण म्हातारपणी परावलंबी होणं म्हणजे शरीराची ताकद संपत आल्याची खूण असते. पण २५ वर्षांचा एखादा मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, अंघोळीला कपड्यांना मदत लागते, बाकी फुप्फुसं ठणठणीत, त्याचा अंक पण सहा-सात येणार, आणि त्या अंकाचा अर्थ त्याच्या बाबतीत लागूच नाही. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २५ मार्चला, म्हणजे पाच दिवसांत, सूचना बदलल्या. तरुण पेशंट, स्थिर दीर्घकालीन अपंगत्व असलेले, शिकण्यात अडचण असलेले, ऑटिझम असलेले, यांच्यासाठी ही पट्टी वापरायची नाही.

आता परिणामवादी म्हणेल की यात हक्काचा काय संबंध, पट्टी चुकीचा अंदाज देत होती, अंदाज सुधारला, विषय संपला. या केसमध्ये त्याचं खरंच बरोबर आहे. पण खरी फारकत पुढे आहे. समजा अंदाज चुकीचा नाहीये. समजा खरोखरच एखाद्या अपंग माणसाचं आयुर्मान दहा वर्षांनी कमी आहे आणि वर्षं मोजणारी सिस्टीम त्याला खाली टाकते. इथं सुधारण्यासारखं काही नाही, आकडा बरोबर आहे. परिणामवादी म्हणेल मग ठीक आहे. हक्कवादी म्हणेल, नाही, या माणसाच्या आयुष्याची किंमत कमी लांबीचं आहे म्हणून कमी धरायची नाही, आत्ताचा आजार निभावेल की नाही एवढंच बघा.

आणि कॉलम काढून टाकला म्हणजे सुटलो असं होत नाही. अपंगत्वाची नोंद पुसली तरी आधी किती वेळा ॲडमिट झाला होता, घरी कुठली उपकरणं आहेत, कुठली औषधं चालू आहेत यातून सिस्टीम तीच गोष्ट परत शोधून काढते. तपासायचं कसं, तर ज्यांना सिस्टीमनं ३० टक्के दिले त्या सगळ्यांना गोळा करायचं, गट पाडायचे आणि प्रत्येक गटात खरोखर किती वाचले ते मोजायचं. एका गटात ३० वाचले आणि दुसऱ्यात ५० तर दुसऱ्या गटाला सिस्टीम कमी लेखतेय. पण हेही धड दिसतं ते बेड मिळालेल्यांचंच.

कधी दोष मॉडेलच्या आधीच असतो. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर घ्या. २०२० च्या शेवटी एक अभ्यास छापून आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवतोय पण रक्त तपासलं तर ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा. म्हणजे सिस्टीमला मिळालेला आकडाच त्वचेच्या रंगानुसार चुकलेला.

आता एक हिशेब करू, पुन्हा आपलेच आकडे. १०० पेशंट, ८० एका गटातले, २० दुसऱ्या. सिस्टीम यायच्या आधी दोन्हीकडे ६० टक्के वाचायचे, ४८ आणि १२. सिस्टीम आल्यावर मोठ्या गटात ६० वाचले, छोट्या गटात १०. एकूण ६० चे ७० झाले. परिणामवाद्याला विचाराल तर सिस्टीम चालू ठेवा आणि चालू ठेवूनच दुरुस्त करा, बंद केली तर दहा जण उगाच जातील. हक्कवादी त्या दोन माणसांकडे बोट दाखवतो जी आधी वाचली असती. ती दोन कोण हे कुणालाच कधी कळणार नाही, त्यांच्या घरच्यांनाही नाही, म्हणून तक्रारही येणार नाही. माझं मत विचाराल तर मी चालू ठेवेन, पण छोट्या गटासाठी लगेच, दुरुस्ती होईपर्यंत, सिस्टीमचा शब्द न घेता डॉक्टरनं रक्त तपासून ठरवायचं. बेड तेवढेच, त्यामुळे असं केलं तर मोठ्या गटातले काही कमी वाचतील आणि एकूण बेरीज थोडी खाली येईल कदाचित. येऊ दे.

हक्कवाद्यांचीही एक गोची आहे आणि ती ते सहसा पटकन बोलत नाहीत. दोघांचाही हक्क सारखा आणि बेड एक, मग हक्क गप्प बसतो. जो आधी आला त्याला द्या म्हणावं तर जवळ राहणारा आणि गाडी असणारा जिंकतो. तत्त्वज्ञ जॉन टॉरेक यांनी १९७७ मध्ये तर असंही मांडलं की एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला पाच असले तरी नाणं उडवा, प्रत्येकाला सारखी संधी. मला इतकं लांब जाववत नाही. पण ६२ आणि ६५ टक्के असे दोन स्कोअर आले तर तो तीनचा फरक खरा आहे असं सिस्टीम बनवणारासुद्धा शपथेवर सांगणार नाही, आणि स्क्रीनवर मात्र एक वर दिसतो एक खाली. तिथं आकडे लपवून पट्टे दाखवावेत, एका पट्ट्यातले सगळे सारखे, आणि त्यांच्यात सरळ चिठ्ठी टाकावी.

(पडद्यावर: चालू व्हेंटिलेटर. स्क्रीनवर स्कोअर दर तासाला बदलतोय.)

सगळ्यात अवघड भाग बेड दिल्यानंतरचा. सिस्टीम थांबत नाही, दर तासाला नवा स्कोअर काढते. आपण बेड गृहस्थांना दिला, तिसऱ्या दिवशी त्यांचा स्कोअर ५० वरून १५ वर आला आणि खाली नवीन पेशंट आलाय ज्याला ८० टक्के शक्यता आहे. शुद्ध परिणामवादात काढून घेणं आणि आधीच न देणं यात काही फरक नाही, व्हेंटिलेटर हलवा. हक्काच्या बाजूनं बघाल तर ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्याच्याकडून ते दुसऱ्यासाठी हिसकावणं ही वेगळीच गोष्ट आहे. जर्मनीनं २०२२ च्या शेवटी कायदाच केला की वाटप फक्त सध्याच्या, जवळच्या काळातल्या जगण्याच्या शक्यतेवर करायचं, अपंगत्व, वय धरायचं नाही, आणि एकदा वाटप झालेलं, अजून गरज असलेलं मशीन दुसऱ्यासाठी काढून घ्यायचं नाही. डॉक्टर कोर्टात गेले, आमच्या कामावर ही बंधनं म्हणून. २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं ते नियम रद्द केले, कारण असा कायदा करायचा अधिकार केंद्राला नाही. मशीन काढून घेणं नैतिक की अनैतिक यावर निकाल लागलाच नाही, आणि त्या वॉर्डातल्या स्क्रीनवर पुढच्या तासाचा स्कोअर येतोच आहे.