गोळी आधी की चालणं आधी?

नमस्कार, श्रोतेहो.

मधुमेहाचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, गोळी वेळेवर घ्या आणि रोज चाला. बहुतेक जण दोन्ही गोष्टी मनापासून पाळतात. पण आधी गोळी, आधी चालणं की आधी नाश्ता, हे विचारायचं राहून जातं आणि घोळ तिथेच होतो. आज या क्रमाविषयी बोलायचं आहे, आणि अर्थातच चालण्याआधी काय खायचं, खायचं की नाही, याविषयीही.

पहिल्यांदा आपल्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या आणि चष्मा लावा. कंपनीनं दिलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. नुसतं मेटफॉर्मिन, किंवा जोडीला सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काही असेल, तर रोजच्या चालण्यानं शुगर धोक्याइतकी खाली जाणं फार क्वचित घडतं. या मंडळींनी शुगर लो होईल या भीतीनं खाऊन निघायची गरज नाही. अर्धा तास चालायचं आणि त्याआधी चहा-बिस्किटं, नंतर कट्ट्यावर वडा, यात चालण्याचा फायदा कुठे उरतो ते ज्याचं त्यानं पाहावं. एक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास मिळतात. ‘मला एकच साधी गोळी आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या त्या एका गोळीत पुष्कळदा दोन औषधं असतात.

ग्लिमेपिराइडचा वेगळा विचार का करायचा? आपण चालायला लागलो की पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. एरवी अशा वेळी शरीर इन्सुलिन कमी करतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं, म्हणून तोल राहतो. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहतं. तुम्ही टेकडी चढताय की खुर्चीत बसलाय, हे गोळीला कळत नाही. त्यात पोट रिकामं असेल, तर साखर वापरली जाते आणि भर मात्र पडत नाही.

आता उदाहरणादाखल साठीतले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. त्यांना सकाळी नाश्त्याआधी घ्यायची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी आहे. ‘नाश्त्याआधी’ म्हणजे उठल्याबरोबर, असा त्यांनी अर्थ लावलेला. सहाला गोळी, बिनसाखरेचा चहा आणि लगेच टेकडी. सव्वासातला घरी, मग आंघोळ, पूजा आणि नऊला नाश्ता. एरवी त्यांची उपाशीपोटीची शुगर 130-140 असते, त्यामुळे निभावतं. एक दिवस रात्रीचं जेवण नुसतं ताक-भातावर आटोपलेलं असतं आणि सकाळी टेकडीला एक फेरी जास्त होते. सव्वाआठला पूजेत बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, नेहमीचं स्तोत्र मध्येच अडखळतं, आणि ‘काय झालं?’ म्हणून विचारणाऱ्या बायकोवर ते विनाकारण खेकसतात. घरच्यांना वाटतं, दमलेत. मीटर दाखवतो 58.

त्रास चालताना झाला नाही, तासाभरानं झाला, हे ध्यानात घ्या. गोळीचा जोर दोन-तीन तासांनी चढतो आणि स्नायू चालणं थांबल्यावरही साखर ओढत राहतात. म्हणून ‘चालताना मला काही होत नाही’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

70 च्या खाली शुगर म्हणजे लो. तेव्हा अर्ध्या पेल्या पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर घालून प्यायची. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की लगेच पोळी, पोहे असं काही पोटभर खायचं, कारण गोळीचा अंमल अजून उरलेला असतो. चॉकलेट किंवा लाडू अशा वेळी देऊ नका, त्यातल्या तूप-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर घ्या. आणि तपासताना बोट धुऊन, पुसून घ्या. नुकतंच केळं सोललं असेल किंवा गूळ हाताळला असेल, तर मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो.

स्ट्रिपवर व्होग्लिबोज किंवा अकारबोज हेही नाव असेल, तर ग्लुकोज पावडरच हवी. ही औषधं आपल्या नेहमीच्या साखरेचं पचन लांबवतात, त्यामुळे साखरेचं पाणी हवं तेवढ्या लवकर लागू पडत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड, थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र सुटतो. त्या घामाकडे काणाडोळा नको.

आपल्या गृहस्थांचं काय करायचं? खाणं वाढवायचं नाही, क्रम बदलायचा. सकाळी उठून आधी तपासायचं. शुगर शंभरच्या वर असेल तर नेहमीची फेरी मारून यायची, आणि गोळी घरी आल्यावर, नाश्ता ताटात वाढला की घ्यायची. शंभरच्या आत असेल तर निघण्यापूर्वी एक छोटं वेलची केळं किंवा अर्धी-पाऊण पोळी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गोळी आणि नाश्ता उरकून अर्ध्या-पाऊण तासानं चालायला निघणं. त्यानं खाल्ल्यानंतर चढणारी शुगरही आटोक्यात राहते. मला विचाराल तर निवृत्त माणसानं हाच मार्ग धरावा. पहाटेच फिरलं पाहिजे असा काही नियम नाही.

रविवारी सिंहगड चढायचा असेल तर हिशोब वेगळा. तीन तासांच्या चढउताराला नाश्ता करूनच निघायचं, दर तासाला एखादं केळं किंवा अर्धी पोळी-भाजी खायची आणि ग्लुकोजचा पुडा खिशात ठेवायचा. तो मित्राच्या पिशवीत असून उपयोग नाही. असा दिवस ठरला की त्या दिवशी गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा. त्या रात्री झोपण्याआधी शुगर तपासा, कारण मोठ्या श्रमानंतर चोवीस तासांपर्यंत ती घसरू शकते. एकादशीचा उपास, रोजची गोळी आणि लांब चाल हे तिन्ही एका दिवशी नकोत.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. या गोळ्यांमुळे इतकी खाली गेलेली शुगर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. वय झालेलं असेल किंवा किडनी नीट काम करत नसेल तर हा धोका जास्त. म्हणून शुद्धीवर आल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी घेऊन येऊ नका, डॉक्टर सोडतील तेव्हाच आणा.

आणि चालण्यामुळे पुन्हा पुन्हा शुगर लो होत असेल, तर चालणं थांबवू नका, खाणंही वाढवत नेऊ नका. बहुधा गोळी जास्त होत असते. आठवडाभराचे आकडे, गोळीची, चालण्याची आणि खाण्याची वेळ एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी किती कमी करायची ते त्यावरूनच ठरवता येतं.

नमस्कार.