डिलिव्हरी व्हॅन: लीज की खरेदी? सगळं अडतं एका दरापाशी

एकच व्हॅन, एकच लीजची ऑफर, आकडेही तेच. तरी एक हिशेब सांगतो खरेदी करा, दुसरा सांगतो लीज घ्या. दोन्हीत बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फरक आहे तो फक्त डिस्काउंट रेटचा, म्हणजे पुढे द्यायच्या-यायच्या रकमा आजच्या किमतीत आणायला लावतो त्या दराचा. हा दर कुठून आणायचा, तेच आज बघू.

उदाहरण घेऊ. चलन तुमचं धरा. व्हॅनची किंमत 10,00,000. ती चार वर्षं वापरायची आणि मग विकायची, 3,00,000 येतील असा अंदाज. कराचा दर 30 टक्के. घसारा दरवर्षी सारखा, 2,50,000, म्हणजे चार वर्षांत पुस्तकी किंमत शून्य. तुमच्याकडे घसाऱ्याचा नियम वेगळा असेल तर तिथे तो टाका, पद्धत बदलत नाही. बँक अशा गाडीसाठी तुम्हाला 12 टक्क्यांनी कर्ज देते.

लीजवाला म्हणतो, वर्षाला 2,40,000 द्या, चार वर्षं, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला. चौथ्या वर्षाअखेर गाडी परत. इंधन, ड्रायव्हर, विमा, दुरुस्ती दोन्हीकडे तुमच्याच खिशातून, म्हणून हा खर्च हिशेबात घेतच नाही. लीजमध्ये दुरुस्ती धरलेली असेल तर मात्र तेवढा खर्च खरेदीच्या बाजूला जोडायला विसरू नका.

आता खरेदीची बाजू. आज 10,00,000 गेले. घसारा म्हणजे रोख खर्च नाही, पण त्यामुळे करपात्र नफा 2,50,000 नं कमी दिसतो, म्हणून दरवर्षी 75,000 कर वाचतो. शेवटी गाडी 3,00,000 ला विकली. पुस्तकात ती शून्य असल्यामुळे सगळी रक्कम नफा ठरते, त्यावर 90,000 कर जातो आणि हातात राहतात 2,10,000. हा कर बरेच जण विसरतात आणि खरेदी आहे त्याहून गोड दिसायला लागते.

लीजची बाजू सोपी. भाडं पूर्ण खर्च म्हणून वजा होतं, त्यामुळे प्रत्येक हप्त्यावर 72,000 कर वाचतो. फक्त भाडं वर्षाच्या सुरुवातीला जातं आणि कराचा फायदा वर्षाअखेरीस येतो. हे एक वर्षाचं अंतर हिशेबात दाखवायचंच. आणि दोन्ही बाजूंचा कराचा फायदा तेव्हाच खरा, जेव्हा कर भरावा लागेल एवढा नफा तुमच्याकडे असतो.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो या पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणताना.

पुष्कळ धंदेवाले म्हणतात, माझ्या धंद्यात पैसा 15 टक्के कमावतो, मग 15 नंच मोजू. तसं करून बघू.

(स्क्रीनवर: 15 टक्के दरानं खरेदी 6,65,800, लीज 5,82,400.)

लीज 83,000 नं स्वस्त! पण थांबा. लीजचं भाडं म्हणजे ठरलेल्या तारखेला द्यायचीच रक्कम. धंदा मंदावला तरी ती चुकत नाही. स्वभावानं ती कर्जाचा हप्ताच आहे, आणि लीज घेतली की तेवढी तुमची कर्ज काढायची ताकदही वापरली जाते. म्हणून तिची तुलना कर्जाशी करायची, धंद्याच्या नफ्याशी नाही. 15 टक्क्यांचा दर पुढे द्यायच्या पैशाला फार हलकं करतो, आणि जिथे पैसे नंतर द्यायचे ती बाजू आपोआप जिंकते. त्या न्यायानं कुठलंही कर्ज फायद्याचंच दिसेल.

मग दर कुठला? कर्जाचा, पण कर वजा जाऊन. व्याज खर्च म्हणून वजा होतं, त्यामुळे 12 टक्क्यांचं कर्ज तुम्हाला खरं पडतं 12 गुणिले 0.70, म्हणजे 8.4 टक्क्यांना. आपल्या सगळ्या रकमा करानंतरच्या आहेत, तर दरही करानंतरचाच हवा.

(स्क्रीनवर: 8.4 टक्के दरानं खरेदी 6,01,700, लीज 6,17,700.)

आता खरेदी 16,000 नं स्वस्त. निकाल उलटला.

इथे एक प्रश्न हमखास येतो: खरेदी कर्जावर केली तर हप्ते कुठे धरायचे? कुठेच नाही. 12 टक्क्यांच्या कर्जाचे हप्ते, व्याजावरची करबचत वजा करून, 8.4 नं आजच्या किमतीत आणले की बरोबर कर्जाची मूळ रक्कमच परत मिळते. करून बघा हवं तर. म्हणजे किंमत आधीच 10,00,000 धरली असताना वर व्याजही लावलं, तर एकाच खर्चाचं बिल दोनदा फाडलं जातं.

पण 16,000 चा फरक बघून लगेच शोरूमला जाऊ नका. हा सगळा फरक टेकला आहे त्या 3,00,000 च्या विक्री किमतीवर. गाडी सुमारे 2,68,000 ला गेली की दोन्ही पर्याय सारखे. चार वर्षांनंतरच्या किमतीबाबत एवढी खात्री कोण देणार?

म्हणून विक्रीची रक्कम मी वेगळ्या, जास्त दरानं मोजतो. भाडं आणि घसाऱ्याची करबचत बऱ्यापैकी निश्चित, त्यांना 8.4. विक्री किंमत मात्र धोक्याची, तिला 15. धंद्याचा दर कुठे वापरायचाच असेल, तर त्याची जागा ही. असं केलं की खरेदी पडते 6,33,700, आणि लीज पुन्हा 16,000 नं स्वस्त. याचा अर्थ, लीजवाला गाडीच्या पुढच्या किमतीचा धोका स्वतःवर घेतोय, आणि तुम्ही त्याचं मोल देताय.

तो धोका तो खरंच पूर्ण घेतोय का, हे करारातल्या किलोमीटरच्या कलमात कळतं. समजा मर्यादा वर्षाला 25,000, वरच्या प्रत्येक किलोमीटरला 4. डिलिव्हरीची गाडी 30,000 पळाली तर वर्षाला 20,000 जास्तीचे. करानंतर 14,000, आणि चार वर्षांचं मिळून आजच्या किमतीत जवळजवळ 46,000. विकत घेतलेली गाडीही जास्त पळाल्यावर स्वस्तात जाते, हे खरं, पण 8.4 च्या हिशेबात दोन्ही बरोबरीला यायला तिची किंमत 1,78,000 पर्यंत पडावी लागेल. तुमच्या मार्गांचं खरं रनिंग काढा, अंदाज नको.

किलोमीटर मर्यादेत बसत असतील, तर भाव करायला हे आकडे घेऊन जा. भाडं सुमारे 2,34,000 च्या खाली आलं, तर विक्री किंमत 3,00,000 ची पक्की धरली तरी लीज स्वस्त. 2,46,000 च्या वर गेलं, तर विक्रीचा धोका 15 नं मोजूनही खरेदी बरी. आपली 2,40,000 ची ऑफर नेमकी मध्ये पडते. तिथे सूत्र तुम्हाला उत्तर देत नाही. जुन्या व्हॅनच्या बाजारात तुमचं किती चालतं, त्यावर ठरतं.